आण्णांचं रान साडेदहा आरनं वाढलं, आणि माझंही



आजची नोंद पिकाची नाही, मोजमापाची आहे. चूक माझी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्यातले बरेच जण आता मोबाईलवर, लॅपटॉपवर उपग्रहाच्या नकाशात रान बघतात आणि तिथंच लांबी-रुंदी काढून ठिबकचा, पाईपचा हिशेब लावतात. त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

माझं रान आणि शेजारच्या आण्णांचं रान एका ओळीत आहे, मध्ये एकच बांध. गाव निफाड तालुक्यातलं. आण्णांचा तुकडा सातबाऱ्यावर ८० आर, माझा १ हेक्टर २० आर. दोन वर्षांपूर्वी बांधावरची जुनी बाभळ पडली आणि तेव्हापासून माझ्या मनात होतं की बांध माझ्या बाजूला सरकलाय. बोललो नव्हतो कुणाला.

एके रात्री लॅपटॉपवर नकाशा उघडला. पडद्यावर दिसतं त्याचं चित्र काढून घेतलं आणि ते पेंटमध्ये उघडलं. पेंटमध्ये माऊस जिथं नेला तिथले आकडे खाली दिसतात, किती पिक्सेल आडवं आणि किती उभं. पिक्सेल म्हणजे चित्रातलं एक बारीक टिंब. आण्णांचं रान लांबीला २२३ पिक्सेल भरलं, रुंदीला ११४.

आता एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर किती? नकाशाच्या पत्त्यात झूम १८ दिसत होता. एका तक्त्यात झूम १८ पुढं ०.५९७ मीटर लिहिलेलं सापडलं. गुणाकार केला. लांबी १३३ मीटर, रुंदी ६८ मीटर. क्षेत्र ९०.६ आर. सातबारा ८०. म्हणजे साडेदहा आर जास्त! रात्रभर झोप नाही लागली.

सकाळी पारावर चार माणसांत आण्णांना कागद दाखवला. म्हणलं, "आण्णा, हे बघा, तुमच्याकडं साडेदहा आर जास्त भरतंय. कुठून आलं?" आण्णा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. लहानपणी त्यांच्याच बैलगाडीतून मी शाळेत गेलोय. त्यांनी कागद बघितला, परत दिला आणि एवढंच बोलले, "माझं मोजलंस. आता तुझं मोज."

घरी आलो आणि मोजलं. माझं रान ३३४ पिक्सेल लांब, रुंदी तीच ११४. त्याच तक्त्यानं १३५.७ आर आलं. सातबाऱ्यावर १२०. म्हणजे माझ्याकडंही पंधरा-सोळा आर जास्त!

आता विचार करा. आण्णांनी माझं रान दाबलं असतं तर त्यांचं वाढायला पाहिजे आणि माझं कमी व्हायला पाहिजे. इथं दोघांचंही वाढलं, आणि दोघांचंही सारख्याच पटीत, शंभराला साधारण तेरा. बांध सरकला तर असं होत नाही. असं तेव्हाच होतं जेव्हा मोजायची काठीच चुकीची असते.

मग ३० मीटरचा टेप घेतला, पोराला एका टोकाला उभं केलं आणि मधला बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला. ६४ मीटर. नकाशावरून मी ६८ काढले होते. ६४ ला ६८ नं भागलं तर ०.९४ येतं. हा ०.९४ कुठून आला हे शोधायला परत तो तक्ता उघडला. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: विषुववृत्तावर. ते मी वाचलंच नव्हतं.

कारण असं आहे. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर सर्वांत लांब-लांब असतात आणि उत्तरेकडं जाताना जवळ येत येत ध्रुवावर एकत्र मिळतात. पण नेहमीच्या वेब नकाशात त्या सगळ्या सरळ, समांतर काढलेल्या असतात. म्हणजे उत्तरेकडचा मुलूख नकाशात पूर्व-पश्चिम ताणलेला आहे. नुसता आडवा ताणला तर चौकोनी वावर लांबट दिसेल, म्हणून तेवढाच उभाही ताणतात. आकार बरोबर दिसतो, माप मात्र मोठं होतं. म्हणून जसजसं उत्तरेकडं जाल तसतशी एका पिक्सेलमध्ये जमीन कमी मावते.

किती कमी? अक्षांशाच्या कोसाईनच्या पटीत. दहावीला त्रिकोणमिती होती, तेव्हा वाटायचं हे कशाला शिकायचं. आता कळलं. पूर्ण सूत्र असं:

```
156543.03 * cos(20.08) / 2^18 = 0.561
```

१५६५४३ हा आकडा असा येतो की झूम ० वर सगळी पृथ्वी २५६ पिक्सेलच्या एका चौकटीत बसवतात. विषुववृत्ताचा घेर ४,००,७५,०१७ मीटर, त्याला २५६ नं भागलं. पुढं झूम एकानं वाढला की पिक्सेलमधली जमीन निम्मी होते, म्हणून २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, नं भागायचं. २०.०८ हा आमच्याकडचा अक्षांश. तुमच्या गावाचा तुम्ही टाका. कन्याकुमारीला याच झूमवर एक पिक्सेल ०.५९ मीटरचा आहे, श्रीनगरला ०.४९ चा. आपल्याकडं ०.५६.

एक सांभाळा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर कोसाईन काढताना तो अंशावर (डिग्रीवर) आहे का बघा. २०.०८ चा कोसाईन ०.९३९ यायला पाहिजे. ०.३३ आला तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, तो बदलून घ्या.

आता ०.५६१ नं परत हिशेब. आण्णांचं रान १२५ मीटर गुणिले ६४ मीटर, बरोबर ८० आर. माझं ११९.८ आर. दोघांचा बांध जिथल्या तिथं.

लांबीत माझी चूक शंभराला साडेसहाच होती. पण क्षेत्र काढताना लांबी आणि रुंदी दोन्ही वाढलेली, म्हणून चूक तेरावर गेली. पाईपलाईन टाकणाऱ्यांनी लांबीपुरतंच बघितलं तरी चालेल. विहिरीपासून नकाशावर ५२० पिक्सेल अंतर असलं तर चुकीच्या आकड्यानं ३१० मीटर येतं, बरोबर आकड्यानं २९२. सहा मीटरचे तीन पाईप उगाच जास्त आणले जातील.

सूत्र नको असलं तर सोपी वाट आहे. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ असते, तिच्यावर ५० मीटर किंवा १०० मीटर लिहिलेलं असतं. चित्र काढताना ती रेघ चित्रात आली पाहिजे. मग तीच रेघ पिक्सेलमध्ये मोजा. माझ्या चित्रात ५० मीटरची रेघ ८९ पिक्सेल भरली. ५० भागिले ८९, आलं ०.५६. बहुतेक नकाशांत ही रेघ तुम्ही जिथं बघताय तिथल्या अक्षांशानं काढलेली असते, म्हणून ती बरोबर बसते. मी त्या रात्री ही रेघ मोजली असती तर पारावर गेलोच नसतो.

मोबाईलवर चित्र काढणाऱ्यांनी तर रेघच वापरावी. मोबाईलच्या पडद्यावर नकाशाच्या एका पिक्सेलच्या जागी दोन-तीन बारीक टिंबं असतात, त्यामुळं मोजलेला आकडा दुप्पट-तिप्पट येतो. शिवाय काही नकाशे २५६ ऐवजी ५१२ ची चौकट धरतात, तिथं तोच झूम एका पायरीनं वेगळा निघतो. या चुका मोठ्या असतात, वावर एकदम चौपट दिसतं म्हणून लगेच पकडता येतात. माझ्यासारखी शंभराला तेराची चूकच घात करते, कारण ती खरी वाटते.

कुणी विचारेल, मग नकाशाचं प्रमाण किती? ते पडद्यावर अवलंबून. माझ्या लॅपटॉपवर १०० पिक्सेल पट्टीनं मोजले तर अडीच सेंटिमीटर. जमिनीवर ते ५६ मीटर. म्हणजे साधारण १:२२५०. तेच चित्र पोराच्या मोबाईलवर किंवा कागदावर छापून घेतलं तर प्रमाण बदलणार. म्हणून १:२२५० हे चित्रावर लिहून ठेवण्यात अर्थ नाही, रेघ ठेवा. चित्र लहान-मोठं झालं तर रेघही तेवढीच लहान-मोठी होते.

आणि याची मर्यादा. बांधाची कड चित्रात एक-दोन पिक्सेल इकडं-तिकडं दिसते. माझ्या ११४ पिक्सेलच्या रुंदीत एक पिक्सेल चुकला तरी शंभराला जवळजवळ एक. ८० आरात मिळून एखादा आर मागं-पुढं होणारच. झूम वाढवून चित्र मोठं होतं, पण मूळ फोटोत नसलेला बांध त्यात उगवत नाही. तेव्हा ठिबक, पाईप, औषधाचं पाणी, बियाणं यासाठी हे मोजमाप चांगलं. बांधाच्या भांडणासाठी नाही. त्यासाठी सरकारी मोजणीच.

आण्णांकडं दुसऱ्या दिवशी गेलो. नवा कागद नेला होता. त्यांनी बघितलाच नाही. म्हणाले, "चार माणसांत बोललास ना, मग सांग पण चार माणसांतच." संध्याकाळी पारावर जाऊन सांगितलं. जे तिथं नव्हते त्यांच्यासाठी इथं लिहिलं.

तुमच्या गावाचा अक्षांश आणि झूम १८ चा पिक्सेल काढून खाली लिहा. आकडा ०.५९७ आला तर अक्षांश टाकायचा राहिला असं समजा.