बेतवेचं पाणी वर कोण चढवतं?

एरचहून आलेलं ते पत्र फुलस्केप कागदावर दोन्ही बाजूंनी हिंदीत लिहिलेलं होतं. मी तेव्हा झाशीत बी.एस्सी.च्या वर्गाला विद्युतचुंबकशास्त्र शिकवत होतो. त्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत गावी गेला होता, पत्र त्याचंच. एरच बेतवेच्या काठी आहे. होलिका आणि प्रल्हादाची कथा तिथलीच, असं तिकडचे लोक सांगतात. त्याच्या पत्रात मात्र नदीवर बसवलेल्या पंपाची गोष्ट होती.

‘आदरणीय सर,’ त्यानं लिहिलं होतं, ‘चुंबकीय बल कधीच कार्य करत नाही, हे आपण वर्गात सिद्ध केलंत. बल वेगाला काटकोनात असतं, त्यामुळे विद्युतभाराची दिशा बदलते, ऊर्जा बदलत नाही. हे पटलं. पण आमची मोटर चुंबकत्वावरच चालते ना? मग बेतवेचं पाणी शेतापर्यंत वर कोण चढवतं?’

ग्रिफिथ्स यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात हे विधान ठळकपणे दिलेलं आहे. मुलं ते पाठ करतात आणि पुढच्याच प्रकरणात मोटरचं सूत्र वापरतात. या मुलानं दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, याचा मला फार आनंद झाला. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो.

पंपाची मोटर इंडक्शनची, तिची रचना गुंतागुंतीची. म्हणून मी एकच सरळ तार घेतली. अर्धा मीटर लांब, 0.4 टेस्लाच्या क्षेत्रात, 10 अँपिअर प्रवाह वाहणारी. तिच्यावर बल येतं 2 न्यूटन. तार त्या बलाच्या दिशेनं सेकंदाला 3 मीटर सरकत असेल, तर आपल्याला 6 वॅट मिळतात. हे 6 वॅट कुठून आले, एवढंच शोधायचं.

आता तारेतल्या एका विद्युतभाराकडे बघ, असं मी त्याला लिहिलं. त्याला दोन वेग आहेत: एक तारेच्या लांबीच्या दिशेनं, दुसरा तारेबरोबर आडवा. पहिल्या वेगामुळे चुंबकीय बल त्याला आडवं ढकलतं. तार पुढे सरकते ती यामुळे. दुसऱ्या वेगामुळे तेच बल त्याला तारेतून मागे रेटतं. आडव्या भागाची शक्ती जितकी धन, तितकीच या दुसऱ्या भागाची ऋण. बेरीज शून्य. पुस्तक खरं आहे.

आकडे घातले की हे जास्त नीट दिसतं. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत 10 अँपिअर वाहताना इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम 0.3 मिलिमीटर सरकतात. तार मात्र 3 मीटर जाते, म्हणजे दहा हजार पट वेगानं. त्यामुळे मागे रेटणारं बल आडव्या बलाच्या दहा हजार पट मोठं असतं, पण त्याविरुद्ध इलेक्ट्रॉन तितकेच हळू सरकतात. गुणाकार सारखाच येतो.

मागे रेटणारं हे बल म्हणजेच बॅक ईएमएफ. आपल्या तारेत तो 0.6 व्होल्ट. त्याविरुद्ध 10 अँपिअर चालू ठेवायला बॅटरीला 6 वॅट खर्च करावे लागतात, आणि तेच 6 वॅट तारेच्या हालचालीत दिसतात. सगळ्या परिपथाचा रोध 0.02 ओहम धरला तर आणखी 2 वॅट उष्णतेत जातात. म्हणजे बॅटरी 0.8 व्होल्टची, तिचा खर्च 8 वॅट. चुंबकीय बल ऊर्जा देत नाही, ते तिची दिशा वळवतं. आडवे ढकललेले इलेक्ट्रॉन तारेच्या एका कडेला दाटतात, त्यातून विद्युतक्षेत्र तयार होतं आणि तेच तांब्याच्या अणूंना ओढून नेतं. एडविन हॉल यांना 1879 मध्ये सापडलेला परिणाम तो हाच.

खात्री करायची असेल तर तार धरून ठेव, असंही लिहिलं. वेग शून्य, म्हणून बॅक ईएमएफ शून्य. प्रवाह 40 अँपिअरवर जातो आणि 32 वॅटची नुसती उष्णता होते.

त्याचं दुसरं पत्र लवकरच आलं. खेळण्यातल्या डीसी मोटरला त्यानं अ‍ॅमीटर जोडला होता. दांडा चिमटीत दाबला की काटा वर जायचा, सोडला की खाली यायचा. शेवटी त्यानं विचारलं होतं, ‘मागच्या साली पंपात वाळू अडकून मोटर नुसतीच घुमत राहिली आणि वाइंडिंग जळालं, ते यामुळेच?’

यामुळेच. अडकलेली इंडक्शन मोटर नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते, आणि पाणी चढत नसल्यानं जवळजवळ सगळी ऊर्जा तांबं आणि लोखंड तापवण्यात जाते. घुमण्याचा आवाज आला आणि पाणी आलं नाही, तर आधी स्विच बंद करायचा.

एक गोष्ट मात्र त्याला आवर्जून लिहिली. पंपाच्या मोटरमध्ये बलाचा मोठा वाटा तारेवर येत नाही, लोखंडाच्या दातांवर येतो. लोखंडाचं चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या, उपजत चुंबकत्वातून येतं. आपण सिद्ध केलं ते फिरत्या विद्युतभाराबद्दल. या उपजत चुंबकत्वाला ती सिद्धता जशीच्या तशी लागू होत नाही, आणि तिथे ‘कार्य’ कशाच्या नावावर मांडायचं यावर अभ्यासक आजही वाद घालतात. ऊर्जेचा हिशेब मात्र तिथेही विजेच्या मीटरपाशीच जुळतो.