आसाभोवतीचे शब्द

रिसोडात पदार्थविज्ञानाच्या शिकवण्या घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. आणि तालुक्यातील खेड्यापाड्यांतून, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतून दहावी पार करून आलेली मुले अकरावीच्या वर्गात प्रथमच संपूर्ण इंग्रजी विज्ञानाला रुजू होतात, तेव्हा त्यांची अडचण अवघड संज्ञांची असते असा जो माझा आरंभीचा समज होता, तो या वर्षांत हळूहळू मोडून पडला. मोठ्या संज्ञांना मुले फारशी भीत नाहीत. ‘अँग्युलर मोमेंटम’ म्हणजे कोनीय संवेग, हे एकदा फळ्यावर लिहून दिले की आठ दिवसांत तोंडपाठ होते. कारण तो शब्द परका आहे हे मुलाला दिसते, आणि परक्याशी तो सावधपणे वागतो. दगा देतात ते ओळखीचे शब्द.

बारावीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण परिवलन गतीचे आहे. ते सुरू करताना एकदा पहिल्या बाकावरच्या मुलाने, अगदी गंभीरपणे, विचारले होते, “सर, जडत्वाले क्षण कायचा असते जी?” वर्ग हसला, मी हसलो नाही, कारण प्रश्न न्याय्य होता. सातवी-आठवीच्या इंग्रजीत ‘मोमेंट’ म्हणजे क्षण असे त्याने पाठ केले होते, आणि ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’चा त्याने लावलेला अर्थ व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होता. मोमेंट आणि मोमेंटम हे दोन्ही शब्द हालचालीचा अर्थ असलेल्या एकाच लॅटिन शब्दातून आले, आणि त्याची क्षण ही छटा निराळ्या वाटेने रूढ झाली, हे सांगितल्यावर त्याचे समाधान झाले.

परंतु मराठी प्रतिशब्द तरी कोणता द्यावा? विश्वकोशात ‘निरूढी परिबल’ आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र मुलांनी इनर्शियाला जडत्व म्हणूनच ओळखलेले असते, म्हणून निरूढी या शब्दापाशी त्यांची पावले अडखळतात. आणि हिंदी पुस्तके वाचणारी मुले ‘जडत्व आघूर्ण’ म्हणतात. मला विचाराल तर आघूर्ण हा शब्द अधिक निर्मळ वाटतो, कारण त्यात फिरणे आहे आणि बल नाही. ‘परिबल’ ऐकले की मूल हे एखादे बल आहे असे धरून चालते आणि न्यूटन हे एकक लिहून मोकळे होते. प्रत्यक्षात ही राशी वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग अशी, म्हणजे किलोग्रॅम-चौरस मीटरात मोजायची असते.

यासाठी मी वर्ग उठवून शेजारच्या गोठ्यात नेतो. तेथे हाताने चालवायचे कडबाकुट्टीचे यंत्र आहे. त्याच्या बिडाच्या जड चाकाला आऱ्यांवर दोन पाती बसविलेली असतात आणि मूठ परिघाजवळ असते. चाक प्रथम फिरवायला घेताना हाताला जो विरोध जाणवतो, आणि एकदा फिरू लागले की ज्वारीच्या धांड्यांची पेंढी आडवी आली तरी ते न अडखळता पुढे जाते, या दोन्ही अनुभवांचे मूळ एकच. मग मी मुलाला मूठ सोडून आऱ्याला, आसाच्या जवळ, हात लावून तेच चाक फिरवून पाहायला सांगतो. ते जवळजवळ हलत नाही. बल तेच असले तरी आसापासूनचे अंतर घटले, म्हणून टॉर्क घटला. चाकाचे जडत्व आघूर्ण मात्र होते तेवढेच राहिले. टॉर्क या शब्दाचे मूळही पिळणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, आणि आपल्याकडे दोराला पीळ देणाऱ्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. आसाची गोष्ट तर याहून जवळची: बैलगाडीचा आख, संस्कृतातील अक्ष आणि इंग्रजीतील ॲक्सिस ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

आता एक प्रश्न घेऊ. तो मी दरवर्षी पहिल्या चाचणीत देतो. चार किलोग्रॅम वस्तुमानाची आणि अर्धा मीटर त्रिज्येची एक युनिफॉर्म चकती, केंद्रातून जाणाऱ्या आणि तिच्या प्रतलाला लंब असलेल्या आसा‘अबाउट’, मिनिटाला 120 ‘रेव्होल्यूशन्स’ करीत आहे. ती दहा सेकंदांत ‘रेस्ट’ला आणण्यास किती स्थिर टॉर्क लागेल? यात मोठी संज्ञा एकच, टॉर्क. उरलेले शब्द मुलांच्या नित्य परिचयाचे, आणि म्हणूनच घातकी. युनिफॉर्म म्हणजे गणवेश, अबाउट म्हणजे विषयी, रेस्ट म्हणजे विश्रांती. रेव्होल्यूशनचे तर विशेषच, कारण भूगोलात पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरणे ते परिभ्रमण, आणि इंग्रजीत परिभ्रमणालाच रेव्होल्यूशन म्हणतात, असे मुले शिकून आलेली असतात. त्यामुळे ही चकती कोणाभोवती परिभ्रमण करते, हा शोध घेण्यात हुशार मुलाचीसुद्धा दोन मिनिटे जातात. यंत्रांच्या हिशेबात रेव्होल्यूशन म्हणजे एक पूर्ण फेरा, मग तो स्वतःभोवतीचा का असेना.

हे उकलले की गणित सरळ आहे. एकसमान चकतीसाठी I = ½MR², म्हणजे येथे 0.5. मिनिटाला 120 फेरे म्हणजे सेकंदाला 2 फेरे; एका फेऱ्यात 2π रेडियन, म्हणून ω = 4π. दहा सेकंदांत कोनीय वेग शून्य व्हायचा, तर कोनीय मंदन 0.4π, आणि टॉर्क 0.5 × 0.4π = 0.2π, म्हणजे सुमारे 0.63 न्यूटन-मीटर.

परंतु मला बरोबर उत्तरापेक्षा चुकीची उत्तरे अधिक बोलकी वाटतात. कोणी 0.1 लिहिले, तर त्याने फेऱ्यालाच रेडियन समजून 2π गाळले. 0.1π आले, तर लंब आसाऐवजी त्याने व्यासाभोवती चकती फिरविली, जेथे आघूर्ण निम्मे होते. 0.4π आले, तर सारे वस्तुमान परिघावर असलेल्या कड्याचे सूत्र लावले. चकतीवर ते सर्वत्र सारखे पसरले आहे, हे सांगणारा ‘युनिफॉर्म’ त्याच्या नजरेतून निसटला. चाचणीनंतर मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे याच हिशेबाने लावतो, आणि कोणाला कोणता शब्द द्यायचा याची तजवीज त्यावरून करतो.

नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि 2021 पासून जेईई मेनचीही. तथापि भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूरच प्रमाण, अशी नीटची अट आहे. म्हणून माझी मुले इंग्रजी शब्दही वहीत बाळगतात. वहीत तीन रकाने असतात: इंग्रजी शब्द, त्याचा घरचा अर्थ, आणि त्याचा येथला अर्थ. मधला रकाना खोडू नये, असा माझा आग्रह असतो, कारण परीक्षेच्या घाईत तोच अर्थ आधी वर येणार.

गेल्या पावसाळ्यात अशी एक वही तपासायला घेतली. ‘अबाउट’पुढे विषयी आणि मग भोवती, ‘रेस्ट’पुढे विश्रांती आणि मग कोनीय वेग शून्य, असे सारे यथास्थित होते. खाली ‘कपल’ होता. मधल्या रकान्यात जोडपे; आणि तिसऱ्यात बलयुग्म असे लिहून पुढे बारीक अक्षरांत, “दोघांचे बल सारखे, दिशा उलट, रेषा वेगळी; म्हणून पुढे जात नाही, जागीच फिरते.” मी बरोबरची खूण केली आणि वही, आईवडिलांना दाखवू नकोस एवढे सांगून, मुलाला परत दिली.