तिसरा नळ टाकी भरतो की रिकामी करतो?

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास आठवीतल्या एका मुलीने वडिलांच्या मोबाइलवरून मला पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला. नळ आणि टाकीचं उदाहरण होतं. खाली लिहिलेलं, "सर, माझं उत्तर ४.८ येतंय, पण पुस्तकात मागे ४ तास ४८ मिनिटे दिलंय. कुठे चुकलं?"

फोटो घाईत काढलेला होता. पुस्तकाचं डावं पान, त्यामुळे ओळींची शेवटची अक्षरं शिवणीकडे वळून गेलेली, वर हाताची सावली. मला वाचता आलं ते एवढंच: एक टाकी पहिल्या नळाने ६ तासांत भरते, दुसऱ्या नळाने ८ तासांत भरते, तिसऱ्या नळाने १२ तासांत... पुढचा शब्द शिवणीत गेला होता. खालच्या ओळीत विचारलं होतं, तिन्ही नळ एकाच वेळी सुरू केले तर रिकामी टाकी किती वेळात भरेल?

मी मनानेच ठरवून टाकलं, तीन नळ म्हणजे तिन्ही भरणारे. १/६ + १/८ + १/१२ = ९/२४. म्हणजे २४/९ तास, २ तास ४० मिनिटे. तेच लिहून पाठवलं. वर हेही लिहिलं, "पुस्तकातलं उत्तर छपाईची चूक असेल." तिचं लगेच उत्तर आलं, "बरं सर."

दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना तिची वही उघडली. पानावर २ तास ४० मिनिटे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, पण खाली खोडरबराने खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. उजेडाकडे धरून पाहिलं तर तिथे आधी १/६ + १/८ − १/१२ लिहिलेलं होतं. वजाबाकी कुठून आली? मी तिला पुस्तक आणायला सांगितलं. पान हाताने सपाट दाबलं आणि शिवणीतून शब्द बाहेर आला: "रिकामी". पूर्ण वाक्य होतं, तिसऱ्या नळाने १२ तासांत रिकामी होते.

आता लक्षात आलं, ते "होते" फोटोतही पुढच्या ओळीच्या सुरुवातीला स्पष्ट दिसत होतं. पहिल्या दोन नळांना "भरते" आणि तिसऱ्याला "होते", एवढ्यावरून मला थांबायला हवं होतं. "अगं, मग मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून मी खोडलं, सर."

हे ऐकून वाईट वाटलं. मुलीने बरोबर केलेलं गणित माझ्या एका मेसेजने खोडलं गेलं होतं. त्या तासाला ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि हेच उदाहरण फळ्यावर घेतलं. काय झालं तेही वर्गाला सांगितलं.

६, ८ आणि १२ यांचा लसावि २४. म्हणून टाकीचे २४ सारखे भाग मानले आणि फळ्यावर २४ चौकोन काढले. पहिला नळ ६ तासांत २४ भाग भरतो, म्हणजे तासाला ४. दुसरा ८ तासांत भरतो, म्हणजे तासाला ३. तिसरा १२ तासांत सगळे २४ भाग बाहेर सोडतो, म्हणजे तासाला २ भाग घालवतो. तासाभरात ७ भाग आत येतात, २ बाहेर जातात, टाकीत उरतात ५. इथे एक मुलगा म्हणाला, "सर, मग सरळ ६ आणि ८ ची बेरीज करून १२ वजा केले तर? २ तास." मी त्याला विचारलं, पहिल्या नळाला एकट्याला ६ तास लागतात. त्याच्या मदतीला आलेला दुसरा नळ जेवढं आणतो, त्यातलं बरंचसं तिसरा घालवतो. मग टाकी २ तासांत कशी भरेल? तो स्वतःच हसला. तास बेरीज-वजा करायचे नसतात, एका तासातलं काम करायचं असतं.

चौकोन रंगवत गेलो. ४ तासांत २० चौकोन भरले. उरले ४. पुढच्या पूर्ण तासात ५ भरले असते, म्हणून ४ भरायला तासाचे ४/५, म्हणजे ४८ मिनिटे. उत्तर ४ तास ४८ मिनिटे.

तेव्हा त्या मुलीची खरी अडचण कळली. तिचं ४.८ बरोबरच होतं. पुस्तकातल्या ४८ मिनिटांशी ते जुळतं हे तिला दिसत नव्हतं. तिला वाटत होतं, ४.८ म्हणजे ४ तास ८ मिनिटे. दशांश चिन्हानंतरचे ८ म्हणजे तासाचे ८/१०, आणि ६० मिनिटांचे ८/१० म्हणजे ४८. रात्री तिला एवढंच सांगायला हवं होतं. मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

शेवटी मुलांना विचारलं, शब्द दिसत नसताना उत्तरावरून तिसरा नळ ओळखता आला असता का? आधी फक्त भरणारे दोन नळ घेऊ. तासाला ७ भाग, २४/७ तास, म्हणजे साधारण ३ तास २६ मिनिटे. तिसराही भरणारा असेल तर वेळ याहून कमी यायला हवा. काढणारा असेल तर जास्त. पुस्तकातलं ४ तास ४८ मिनिटे जास्त आहे, म्हणजे तिसरा नळ पाणी काढणाराच. छपाईची चूक म्हणण्याआधी मी ही एक ओळ मांडली असती तरी पुरलं असतं. आणि तिसरा नळ तासाला ७ भाग किंवा त्याहून जास्त काढत असता, तर रिकामी टाकी कधीच भरली नसती.

एका मुलाने विचारलं, "आमच्या गच्चीवरच्या टाकीला खाली भोक आहे, तिथेही असंच होईल का?" अगदी असंच नाही. टाकीत पाणी कमी असताना भोकातून येणारी धार बारीक असते, पाणी चढेल तसा तिचा जोर वाढतो. पुस्तकातलं उदाहरण मात्र नळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच वेगाने पाणी सोडतो असं धरून चालतं. ते गृहीत धरलं म्हणूनच "तासाला २ भाग" म्हणता येतं.

त्या दिवसापासून वर्गात एक ठरलं आहे. उदाहरणाचा फोटो पाठवायचा तर पान सपाट करून पाठवायचा, आणि "भरते" की "रिकामी होते" हे प्रत्येक नळापुढे हाताने लिहायचं, + किंवा − चिन्हासह. मीही ते वाचून झाल्याशिवाय उत्तर लिहीत नाही. तिच्या वहीत खोडलेल्या ओळीवर तिने पुन्हा पेनाने तीच वजाबाकी लिहिली, आणि मी खाली सही केली.