‘तत्रैव’ म्हणजे नेमकं कुठे?

माझी मावशी मराठ्यांच्या इतिहासावरचा एक इंग्रजी ग्रंथ मराठीत आणतेय. तिच्या फाइलमधल्या तळटिपा सांभाळणं हे माझं काम. वाक्याचं भाषांतर झालं की टीप आपोआप मागे येईल, असं कुणालाही वाटेल. पण मराठी वाक्याची रचना इंग्रजीपेक्षा वेगळी असते, आणि गडबड तिथेच होते.

समजा, मूळ वाक्य असं आहे: शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले (टीप १४), कारण जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला होता (टीप १५). टीप १४ मध्ये जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्राचा हवाला आहे. टीप १५ म्हणते, ‘तत्रैव’, म्हणजे त्याच पुस्तकात, आणि पुढे वेगळा पृष्ठांक देते. त्याआधीची टीप १३ सभासद बखरीची आहे.

मराठीत आपण सहज लिहितो, ‘जयसिंगाने पुरंदरला वेढा घातल्यामुळे महाराजांनी २३ किल्ले दिले.’ म्हणजे वेढ्याची टीप आधी आली. सॉफ्टवेअर क्रमाने आकडे घालतं, त्यामुळे ती १४ झाली आणि सरकारांची १५. आता ‘तत्रैव’च्या आधी सभासद आहे. विसाव्या शतकातल्या इतिहासकाराचं विधान राजारामांच्या काळातल्या बखरीच्या नावावर गेलं. आकडे ओळीने आहेत, प्रत्येक टीप जागेवर आहे, त्यामुळे प्रुफं वाचतानाही हे दिसत नाही.

म्हणून भाषांतराला हात लावण्याआधी आम्ही प्रत्येक ‘तत्रैव’ उलगडून तिथे लेखकाचं नाव आणि ग्रंथाचं छोटं शीर्षक लिहितो. पुस्तक पूर्ण झाल्यावर, क्रम पक्का झाला की, हवं तिथे ‘तत्रैव’ परत आणता येतं.

‘टीप ८ पाहा’ अशा अंतर्गत संदर्भांचंही तसंच. हा आकडा हाताने टाइप केला, तर क्रम बदलला तरी तो तिथेच राहतो. म्हणून तो क्रॉस-रेफरन्स म्हणून घालायचा. मात्र वर्डमध्ये मुख्य मजकुरात `Ctrl+A` आणि `F9` दाबल्याने तळटिपांमधले आकडे ताजे होत नाहीत. त्यासाठी एखाद्या तळटिपेत कर्सर ठेवून तेच पुन्हा करावं लागतं. मावशीच्या स्वतःच्या टिपांना आम्ही आकडा देतच नाही, फुली देतो, म्हणजे मूळ क्रमात भर पडत नाही.

पृष्ठांकांचे दोन प्रकार मात्र माणसानेच वेगळे करायचे. ‘पृ. ११२ पाहा’ हे याच ग्रंथातलं पान असेल, तर मराठी आवृत्तीत ते बदलणार. सरकारांच्या पुस्तकातलं असेल, तर त्याला हात लावायचा नाही. दोन्ही दिसायला सारखेच असतात, त्यामुळे सरसकट शोधा-आणि-बदला इथे चालत नाही.

शेवटची तपासणी मी उलटी करतो. मूळ ग्रंथ उघडून एकेक विधान घेतो, मराठीत त्याची टीप शोधतो आणि ती त्याच पुस्तकाकडे नेते का ते पाहतो. आकडा जुळला की नाही, हे पाहतच नाही.