राजीनाम्याची पुरवणी

कोल्हापुरातील ज्या हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात मी पर्यवेक्षक म्हणून काम करते, तेथील मॅनेजरसाहेबांच्या नावे लिहिलेल्या माझ्या राजीनाम्याचा मुख्य मजकूर चार ओळींतच आटोपला: आतिथ्य-व्यवस्थापनाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यामुळे मी नोकरी सोडीत आहे, नेमणूकपत्रातील ३० दिवसांची मुदत आज, १ जूनपासून धरावी, ३० जून हा माझ्या सेवेचा अखेरचा दिवस समजावा, आणि त्या दिवशी कार्यमुक्तीपत्र व अनुभवाचा दाखला मिळावा. पत्र मी समक्ष नेऊन दिले आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेनिशी पोच घेतली; कारण पत्र केव्हा लिहिले यापेक्षा ते केव्हा हाती पडले यावरूनच पुढे मुदतीचा हिशेब मांडला जातो.

परंतु या चार ओळींना जी पुरवणी मी जोडली, तिच्यात माझे मन अधिक गुंतले होते. तीत प्रथम गल्ल्यातील कायम शिल्लक दोघांसमक्ष मोजून सहीनिशी ताब्यात देण्याची नोंद आहे. आणि त्यानंतर एक आग्रहाची विनंती आहे की, संगणकातील माझे खाते कोणाच्याही हवाली न करता अखेरच्या पाळीनंतर कायमचे बंद करावे. बिलातील सूट, रद्द केलेली पावती, बदललेला खोलीचा दर, हे सारे ज्याच्या खात्यातून होते त्याच्याच नावावर दप्तरी राहते; आणि सोयीसाठी मागे ठेवलेला एक पासवर्ड निघून गेलेल्या माणसाला अनेक महिन्यांनंतरही जाब द्यावयास लावू शकतो.

खरी कठीण गोष्ट मात्र शनिवारच्या आरक्षणाची. आमच्या ६० खोल्यांपैकी २ दुरुस्तीसाठी बंद आहेत आणि ३१ खोल्यांतील पाहुण्यांचा मुक्काम पुढे चालू आहे असे समजा. म्हणजे त्या रात्रीसाठी उरल्या २७ खोल्या. तरीही मी ३० आरक्षणे स्वीकारते, कारण अंबाबाईच्या दर्शनास येणाऱ्या कुटुंबांपैकी तीन तरी आगाऊ रक्कम न भरता नाव नोंदवतात आणि दर्शन लवकर झाले की परस्पर गावी परततात, हा अनुभव आहे. पण दुपारी बारा वाजता निघावयाचे म्हणून सांगितलेल्या पाहुण्यांपैकी दोघांनी आणखी एक रात्र राहण्याचे ठरवले, की त्याच सायंकाळी हाती आरक्षण असूनही दोन कुटुंबांना खोली देता येत नाही. अशा पाहुण्यांना ‘वॉक’ करावे लागते. त्याच तोलाच्या दुसऱ्या हॉटेलात खोली मिळवून, गाडीचे आणि पहिल्या रात्रीचे भाडे आपण सोसून, त्यांना सन्मानाने तेथवर पोहोचवावे लागते. ही तूट संध्याकाळी सातला काउंटरवर उघडकीस येता कामा नये. ती सकाळी दहालाच कळावी, म्हणून निघणाऱ्या प्रत्येक खोलीत फोन करून ‘आज किती वाजता निघणार?’ एवढे विचारून घेण्याचा पाठ मी पुरवणीत घालून दिला आहे.

माझ्या नोकरी सोडण्याचे कारणही येथेच आहे. तीन कुटुंबे येणार नाहीत हे मला ठाऊक असते. तीनच का, आणि पावसाळ्यात ती संख्या किती धरावी, हे मला सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढून तो अनेक दिवस बंद राहिला, त्या वेळी गावात असलेल्यांना बाहेर जाता येत नव्हते आणि बाहेरच्यांना आत येता येत नव्हते. म्हणजे मुक्काम लांबवणारे आणि न येणारे, हे हिशेबातील दोन्ही आकडे एकाच कारणाने एकदम हालले, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बांधलेला कोणताही अंदाज अशा प्रसंगी निरुपयोगी ठरतो. मागणीचा अंदाज, दरांची आखणी, जुन्या नोंदींतून नियम शोधण्याची रीत, हे शास्त्र मला शिकावयाचे आहे. काउंटरवर उभे राहून अनुभव पुष्कळ मिळाला, त्याबद्दल मी या हॉटेलची मनापासून ऋणी आहे. पण पाळी संपली की नोंदवही बंद होते आणि तो अनुभव तपासून पाहण्यास तेथे सवड नसते.

पुरवणीच्या शेवटी मी साहेबांना लिहिले आहे की, माझ्या जागी ज्या सहायिकेची नेमणूक व्हावयाची आहे तिला जूनमधील प्रत्येक शनिवारी सकाळच्या पाळीस ठेवावे. खोल्यांचा हिशेब तिने स्वतः मांडावा, फोन तिने करावेत, आणि किती आरक्षणे घ्यावयाची हा निर्णयही तिनेच द्यावा. मी बाजूला असेन. आणि तिचा आकडा माझ्याहून वेगळा आला, तरी खोली खरोखरच कमी पडेल अशी खात्री झाल्यावाचून मी तो बदलणार नाही.