सुती टी-शर्ट घरी ठेव

चि. मनू,



ताईने तुझ्या सामानाची यादी पाठवली. जुलैत हम्पटा खिंड करायची ठरवलीस याचा मला आनंदच आहे. पण यादीत चार सुती टी-शर्ट, एक जीन्स आणि कॉलेजची हुडी दिसली आणि तुला निवांत पत्र लिहायला बसले. हे कपडे काढून ठेव. का, ते नीट सांगते, नाहीतर पटल्याशिवाय तू ऐकणार नाहीस.

बर्फाची भीती तुला असेलच. पण थंडीचे अपघात पुष्कळदा बर्फ नसलेल्या जागी होतात. पाऊस, वारा आणि पाच-सात अंशांची हवा एवढं त्याला पुरतं. हम्पट्याची कुलूकडची बाजू जुलैत ओलीच असते, आणि खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे. बालू का घेरावरून सकाळी निघालात की चढावर घाम येणार, वरून पाऊस येणार, आणि टी-शर्ट दोन्हीकडून भिजणार.

चढताना तुला काहीच जाणवणार नाही. पाठीवर सॅक घेऊन चढणारं शरीर तासाला साधारण साडेतीनशे-चारशे किलोकॅलरी जाळतं आणि त्यातली बहुतेक उष्णता म्हणूनच बाहेर पडते. ओल्या कपड्यातही तू गरम राहशील. मग खिंडीवर पोहोचाल. मागचे लोक यायचे असतील, फोटो व्हायचे असतील, पुढची उतरण निसरडी म्हणून लीडर एकेकाला सोडत असेल. अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागेल. उभं राहिलं की उष्णता निर्माण होण्याचा वेग तासाला सत्तर-ऐंशी किलोकॅलरीपर्यंत खाली येतो. धोका इथे सुरू होतो.

आता हिशेब बघ. सुती टी-शर्ट कोरडा दीडशे ग्रॅमचा धर. भिजवून हाताने पिळला तरी त्यात जवळजवळ तेवढंच पाणी राहतं. दीडशे ग्रॅम पाणी अंगावर वाळवायला सुमारे सत्याऐंशी किलोकॅलरी उष्णता लागते, आणि कपडा अंगाला चिकटलेला असल्यामुळे त्यातली बरीचशी तुझ्या शरीरातून जाते. म्हणजे नुसतं उभं राहून तासाभरात जेवढी उष्णता बनेल, तेवढी एक टी-शर्ट वाळवण्यातच संपू शकते. जीन्स, हुडी आणि वारा अजून हिशेबात धरलेच नाहीत.

दुसरं असं की कपडा स्वतः ऊब देत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब देते. कापसाचा तंतू पाणी आत शोषून घेतो, फुगतो, मऊ पडतो आणि अंगावर लोळतो. हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणूनच मे महिन्यात पुण्यात जो सुती सदरा सुखाचा वाटतो, तोच खिंडीवर अंगावर घातलेल्या ओल्या पट्टीसारखा होतो.

या विषयावर मला नेहमी आठवतं ते इंग्लंडमधलं एक प्रकरण. मार्च १९६४ मध्ये तिथल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये स्काउट तरुणांची ‘फोर इन्स’ नावाची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा झाली. हवा थंड, पाऊस आणि जोराचा वारा. त्यात तीन तरुण दगावले. त्या भागातलं सर्वांत उंच ठिकाण ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला. भिजलेल्या आणि वारा लागलेल्या कपड्यांची ऊब राखण्याची ताकद फार घटते, आणि माणूस थकून हळू चालू लागला की उष्णताही कमी बनते, हे त्यांनी दाखवलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, म्हणून घसरण इतकी झपाट्याने होते. तुझ्या बाबतीत दुसरी गोष्ट तुझ्या हातात नसेल. पहिली आहे.

मग घालायचं काय? अंगाला लागून पॉलिएस्टरची जर्सी. मैदानावर मुलं घालतात तीच चालेल. महागडा ब्रँड नको. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत राहतं, पिळलं की बरंचसं निघतं, उरलेलं लवकर वाळतं. ती भिजतच नाही असं समजू नकोस. भिजते, गारही लागते, पण सावरते. तिला एक-दोन दिवसांत वास येतो, तो सहन कर. आणि शेकोटीपासून, स्टोव्हपासून लांब राहा, ठिणगीने ती वितळून कातडीला चिकटते.

पैसे असतील तर एक मेरिनो लोकरीचा टी-शर्ट घे. लोकर बाष्प पोटात घेते, तरी तिचा कुरळा धागा सहसा दबत नाही, त्यामुळे हवा टिकते आणि ओली असतानाही थोडी ऊब राहते. आपल्याकडचे धनगर पावसात घोंगडी पांघरतात, ती याच गुणावर. लोकर पॉलिएस्टरपेक्षा हळू वाळते, एवढी तिची मर्यादा. वरून पॉलिएस्टरची फ्लीस आणि त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. नुसत्या फ्लीसमधून वारा सरळ आत येतो. खाली ट्रॅकपँट नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची घे.

दुकानात तीन ठिकाणी फसशील. ‘बांबू’चे आणि मोडालचे टी-शर्ट मऊ असतात, पण ते व्हिस्कोसच्या जातीचे, कापसाहून जास्त पाणी पितात. घरी हिवाळ्यात घालतो त्या थर्मलमध्ये बहुधा सूत मिसळलेलं असतं. आणि स्पोर्ट्‌स ब्रा आणि आतले कपडे यांच्याकडे कोणी बघतच नाही. जर्सी वाळली तरी ते छातीला आणि कमरेला ओले राहतात. लेबलवर विश्वास नसेल तर शिवणीतून एक धागा काढ, चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघ. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखं जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि ती लवकर विझते.

खिंडीवर पोहोचताच, थंडी वाजायची वाट न बघता, फ्लीस आणि जॅकेट चढव. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव आणि तो फक्त तंबूत घाल. सकाळी अंगावर शहारा आला तरी कालचीच दमट जर्सी घालून चालायला लाग. दहा मिनिटांत अंग तापेल आणि रात्रीचे कपडे कोरडे राहतील.

सोबतच्या कोणाचं बोलणं अडखळू लागलं, झिपची टोकं सापडेनात, पाय वेडेवाकडे पडू लागले किंवा उगाच चिडचिड सुरू झाली, तर ते थकव्यावर ढकलू नकोस. आडोसा, कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, आणि तो नीट शुद्धीत असेल तर गरम गोड पेय, या क्रमाने. हातपाय चोळू नकोस. कुडकुडणारा माणूस गरम न होताच कुडकुडायचा थांबला, तर त्याची प्रकृती गंभीर झाली असं समज. त्याला चालवू नकोस आणि लगेच मदत मागव.

यादी बदललीस की मला पाठव. जर्सी कमी पडत असेल तर माझ्याकडच्या दोन घेऊन जा.

तुझी,
मावशी