शांतपणे घ्यायचं, पण सोडायचं नाही!

आपलं काहीतरी कुणीतरी ढापलंय, हे कळल्यानंतरची पहिली दहा मिनिटं सगळ्यात डेंजरस! हातात मोबाइल असतो, डोकं तापलेलं असतं आणि मित्रमंडळी ‘नाव घेऊन झोड त्यांना’ म्हणत चढवत असतात. त्या दहा मिनिटांत जे टाइप होतं, ते पुढे समोरच्याच्या वकिलाच्या फाइलमध्ये लागू शकतं. मास कॉम करताना मीडिया लॉच्या पेपरला हे घोकून लिहिलं होतं. त्याचा खरा अर्थ मात्र कळला तो गेल्या वर्षी, माझ्या मावसबहिणीच्या धंद्यामुळे.

ताई राहते पिंगुळीला. कुडाळला लागूनच असलेलं हे गाव. इथल्या गुढीपूरमधल्या ठाकर कलाकारांनी चित्रकथी जिवंत ठेवलीय. एकेक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ, हुडुकच्या साथीने रामायण-महाभारतातली गोष्ट गात सांगायची, मग पुढचं चित्र. एका गोष्टीच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय लाभलेली ही कला. इथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी घरच्या गोठ्यात उभारलेलं म्युझियम बघायला लोक गाडी वाकडी करून येतात.

ताईने यातून एक छोटं प्रॉडक्ट काढलं. एका पाकिटात सहा पोस्टकार्डं, सहा मिळून एक गोष्ट. पुढे चित्र, मागे चार-सहा ओळींत कथा, खाली ‘आता पुढचं कार्ड’ अशी सूचना. पहिला संच लंकादहनाचा. चित्रं गावातल्या एका बुजुर्ग कलाकाराची, म्हणजे आमच्या काकांची. शेवटच्या कार्डावर त्यांचं नाव. काकांनी ती चित्रं आधीच काढलेली होती. ताईने छापायची परवानगी घेतली आणि एका कागदावर लिहून दिलं की पाचशे संच छापणार, मालकी काकांचीच. तो कागद पुढे भलताच कामाला आला.

आठेक महिन्यांनी शहरातल्या एका गिफ्ट ब्रँडने सेम टू सेम पाकीट काढलं. सहा कार्डं, लंकादहन, चित्रकथी स्टाइल, ‘आता पुढचं कार्ड’ सुद्धा. काकांचं नाव कुठेच नाही. ताईचा फोन आला तेव्हा ती रडतही होती आणि शिव्याही घालत होती. इन्स्टाग्रामवर टाकायची ‘चोर’ या शब्दाने सुरू होणारी पोस्ट तिने लिहूनही ठेवली होती. मी एवढंच म्हटलं, ‘‘ताई, उद्या सकाळी टाक. आज त्यांचं एक पाकीट विकत घे.’’

पाकीट बिलासकट घरी आलं. त्यांच्या पानाचे स्क्रीनशॉट आम्ही तारीख आणि पत्ता दिसेल असे काढून ठेवले. ताईच्या मूळ फायली आणि फोटो जिथे होते तिथेच, हात न लावता ठेवले, कारण त्यांच्यावरची जुनी तारीखच साक्षीदार. मग दोन्ही संच शेजारी शेजारी मांडून वहीत तीन रकाने आखले. सगळं शहाणपण या तीन रकान्यांतच आहे, म्हणून जरा नीट सांगते.

पहिला रकाना, ‘कुणाचंच नाही’. लंकादहनाची गोष्ट, मारुतीची शेपूट, बाजूने दाखवलेले चेहरे आणि मोठाले डोळे. हा पिढ्यानपिढ्यांचा ठेवा. ‘चित्रकथी आमची’ असं ताई ओरडली असती, तर ठाकर आळीतल्या कुणीही शांतपणे विचारलं असतं, ‘‘आणि तू गो कोण?’’ प्रश्न बरोबरच होता. ती ठाकर नाही, तिनेही ही कला उसनीच घेतलीय. फरक इतकाच, की तिने विचारून घेतली आणि नाव छापलं.

दुसरा रकाना, ‘सुचलं ताईला, पण कायद्याने तिचं नाही’. सहा कार्डांत एक गोष्ट, पाकिटाची आयडिया, सांगण्याचा ढंग. इथेच सगळ्यांना झोंबतं, कारण खरी मेहनत यातच असते. पण कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती कल्पना ज्या शब्दांत, ज्या चित्रात उतरली त्यांना मिळतो. आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराने आपल्या ‘हम हिंदुस्थानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा उचलला, असा दावा केला होता. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. विषय एक असू शकतो. पण मांडणी इतकी सारखी हवी, की दोन्ही पाहणाऱ्याला ही नक्कलच आहे असं ठामपणे वाटलं पाहिजे. आपल्याकडे आजही हीच कसोटी लावतात.

तिसरा रकाना, ‘हे मात्र पकडता येतं’. दोन कार्डांच्या मागचा मजकूर शब्दन् शब्द ताईचा. इतका, की तिसऱ्या कार्डावर छापताना ‘चिंध्या’वरचा अनुस्वार राहून गेला होता, तो त्यांच्याही कार्डावर नव्हता! योगायोगाने दोन माणसं एकसारखं लिहू शकतात, पण एकाच जागी एकसारखी चुकत नाहीत. त्यांची बाकीची पाच चित्रं नव्याने काढलेली, थोडीफार वेगळी. पाचव्या कार्डावरचं चित्र मात्र थेट काकांचं, कडा कापून वापरलेलं.

म्हणजे एवढ्या मोठ्या रागातून हाती उरलं काय? दोन कार्डांचा मजकूर आणि एक चित्र. ताई हिरमुसली. पण नेमकी तक्रार लहान असली तरी तिला उत्तर द्यावंच लागतं. ‘आमची पूर्ण स्टाइल चोरली’ ही तक्रार दिसते मोठी, पण समोरचा ती हसून सोडून देतो.

पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, तक्रार करायची कुणी? मजकूर ताईचा, तिथे ती बोलू शकते. चित्र काकांचं, तिथे काकांनीच बोलायला हवं. हे त्या एका कागदामुळे स्पष्ट होतं. एरवी पैसे देऊन ऑर्डरने चित्र काढून घेतलं आणि उलट काही लिहून ठेवलं नाही, तर आपला कायदा ऑर्डर देणाऱ्यालाच पहिला मालक मानतो. पण तेव्हाही एक हक्क चित्रकाराकडेच राहतो. ‘हे मी काढलं’ असं म्हणण्याचा हक्क, कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमातला. चित्र विकलं तरी तो विकला जात नाही.

‘तक्रार कुणाची’ हा मुद्दा किती नाजूक असतो, ते २०२५ मध्ये कोल्हापुरीच्या निमित्ताने सगळ्यांनी पाहिलं. जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने थेट आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, श्रेय न देता. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय मानांकन आहे. सोशल मीडियावर गदारोळ झाला. पण कंपनीकडून उत्तर आलं ते महाराष्ट्र चेंबरने पाठवलेल्या पत्राला. या चपला भारतीय हस्तकलेवरून प्रेरित आहेत, हे प्राडाने मान्य केलं. दुसरीकडे काही वकिलांनी केलेली जनहित याचिका मुंबई हायकोर्टाने जुलैमध्ये फेटाळली. जीआयची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे ते पुढे आलेले नाहीत, मग तुम्ही कोण, हाच कोर्टाचा सवाल होता. ते नोंदणीधारक म्हणजे महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर. डिसेंबरमध्ये प्राडाने करार केला तोही त्यांच्याशीच, इथल्या कारागिरांकडून चपला बनवून घेण्याचा.

आम्ही काकांकडे गेलो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. ताईला वाटलं भडकतील. ते म्हणाले, ‘‘गोष्ट रामाची, ती काय माझी एकट्याची आसा? पण ह्या चित्रातलो हात माझो. तेवढा नाव घालूक सांग.’’

पत्र एका पानाचं झालं. वर ताई आणि काका, दोघांची नावं. पहिल्या परिच्छेदात आमचा संच कधी आला. दुसऱ्यात दोन्ही मजकूर शेजारी शेजारी, सोबत चित्राचे फोटो. तिसऱ्यात मागणी, की दोन कार्डांचा मजकूर बदला आणि पाचव्या कार्डावर चित्रकाराचं नाव, त्यांच्या परवानगीने, छापा किंवा ते कार्ड मागे घ्या. शेवटी उत्तरासाठी दहा दिवस. ‘चोरी’ हा शब्द नाही, पाकिटाच्या आयडियाबद्दल चकार शब्द नाही आणि ‘कोर्टात खेचू’ तर नाहीच. हा नुसता सभ्यपणा नव्हता. कॉपीराइट कायद्याचं ६०वं कलम म्हणतं की हक्क नसताना कुणी कारवाईची धमकी दिली, तर ज्याला धमकी दिली तोच उलट कोर्टात जाऊन नुकसानभरपाई मागू शकतो. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टीसाठी आवाज चढवला असता, तर आरोपीच्या पिंजऱ्यात ताईच उभी राहिली असती.

नवव्या दिवशी उत्तर आलं. ‘आमच्या बाहेरच्या लेखकाने संदर्भ म्हणून वापरलं’ वगैरे नेहमीचं. मजकूर बदलला, पाचवं कार्ड काढून टाकलं. सॉरी नाही. काकांचं नाव छापण्यापेक्षा चित्रच काढणं त्यांना सोपं वाटलं, हे मला अजून खुपतं. आणि सहा कार्डांचं पाकीट त्यांनी चालूच ठेवलं. ते थांबवायचा मार्ग आमच्याकडे नव्हता आणि नाही.

उत्तर आलंच नसतं तर? ज्या साइटवर तो मजकूर, ते चित्र दिसतंय तिला मालकाने लेखी तक्रार द्यायची. साइटने ते दिसणं बंद केलं की तुमच्याकडे २१ दिवस असतात. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही, तर साइट ते पुन्हा सुरू करू शकते. त्यामुळे ती पायरी चढण्याआधी वकिलाचा खर्च आणि त्या दोन कार्डांची किंमत यांचा हिशेब घातलेला बरा. ताईने घातला होता. म्हणूनच पत्रावर तिने इतका जीव काढला.

नव्या संचात काकांचं नाव शेवटच्या कार्डावर नाही. सहाही चित्रांत, चौकटीच्या आत, अगदी पायांजवळ आहे. कडा कापल्या तरी आता ते सहज जाणार नाही. जागा काकांनीच दाखवली, आणि ताईची ती ‘चोर’वाली पोस्ट अजून तिच्या ड्राफ्टमध्ये पडून आहे.